पट्टा घरीच ठेव

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

नानीचा फोन आला होता. रविवारी तू तिच्यासोबत देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला येतोयस म्हणून ती केव्हाची खुशीत आहे. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून प्रक्षाल आणि केसरपूजा तुझ्या हातून व्हावी अशी तिची इच्छा आहे. माझं लग्न झालं आणि तुम्ही पोरं आजोबांचा हात धरून काळारामाच्या देवळात जात वाढलात. माहेरच्या देवाशी तुमची ओळख नानीच्या भिंतीवरच्या फोटोपुरतीच राहिली. तिथे ऐनवेळी चाचपडू नकोस म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी चामड्याचं. पट्टा आणि पाकीट तर तू काढशीलच, पण घड्याळाचा पट्टा, गाडीच्या किल्लीचं कव्हर आणि जीन्सच्या मागे कमरेवर शिवलेली ती कंपनीची पट्टी कुणाच्या लक्षात येत नाही. काही जीन्सवर ती खऱ्या चामड्याची असते. रेक्झिन असेल तर दोष नाही, पण दारावरच्या माणसाला लांबून काय कळणार? त्यापेक्षा सगळं घरीच ठेव आणि सुटे पैसे कापडी पिशवीत घे. आपल्या देवळांत चपला बाहेर काढतो आणि खिशातलं पाकीट मात्र थेट गाभाऱ्यापर्यंत जातं. इथे तसं चालत नाही, कारण हरकत धुळीची नाही, जिवाची आहे. मारलेल्या जनावराचं कातडं अंगावर बाळगून अहिंसेच्या दारात जायचं नाही, इतकं साधं आहे ते. नानीच्या काळी पूजेला रेशमी वस्त्रं नेसायचे, अजूनही पुष्कळ जण नेसतात. पण कोशातले किडे उकळत्या पाण्यात टाकल्याशिवाय ते रेशीम निघत नाही, त्यामुळे समाजातच यावरून वाद आहे. तुझ्यासाठी मी सुतीच पाठवतेय.

आता आंघोळ. देरासरात पूजेकरूंसाठी न्हाणीघर असतं. तिथे थोड्या, गाळलेल्या पाण्याने अंघोळ कर, शॉवरखाली उभा राहून गाणी म्हणू नकोस. पाण्यातही जीव आहेत असं मानणाऱ्यांचं ते घर आहे. मग धोतर आणि खांद्यावरून घ्यायचा खेस. दोन्ही न शिवलेली वस्त्रं, त्र्यंबकेश्वरी गाभाऱ्यात जाताना सोवळं नेसतात तशीच. ती नेसल्यावर काही खायचं-प्यायचं नाही आणि शौचाला जायचं नाही. जावं लागलंच तर पुन्हा अंघोळ आणि दुसरी वस्त्रं. म्हणून आधीच सगळं उरकून घे. (पाळीच्या दिवसांत बायका देरासरात पाऊल टाकत नाहीत. शुद्धीच्या या नियमांपैकी हा एक मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. पण नानीसमोर तो विषय काढू नकोस.)

मुख्य दारातून आत शिरताना नानी "निसीहि" म्हणेल, तूही म्हण. हा शब्द तीन ठिकाणी येतो. दारात म्हटला की घर, ऑफिस, पैसे हे विषय बंद. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर म्हटला की देरासराच्या कामकाजाचं बोलणंही बंद, म्हणजे पंखा कुणी बसवला, फरशी कधी बदलणार वगैरे. तिसऱ्यांदा चैत्यवंदनाला बसण्याआधी. त्यानंतर पाणी, फुलं, केसर यांना हात लावायचा नाही, फक्त स्तवन आणि ध्यान. तुझ्या फोनला पहिल्या निसीहिलाच सुट्टी द्यायची, हे वेगळं सांगायला नको.

आत गेल्यावर आधी स्वतःच्या कपाळाला टिळा लाव. सहाणेवर उगाळलेलं केसर-चंदन दोन वाट्यांत असतं, एक आपल्या टिळ्यासाठी, दुसरी भगवंतासाठी. वाट्यांची अदलाबदल करू नकोस. गाभाऱ्यात जाताना खेसाचं टोक आठ पदरी करून नाकातोंडावर बांध. त्याला मुखकोश म्हणतात. आपला श्वास आणि थुंकीचा कण मूर्तीवर जाऊ नये म्हणून तो असतो. तो घसरला तर हाताने वर करशील, पण तोच हात पुन्हा मूर्तीला लावू नकोस, आधी धुऊन घे.

प्रक्षाल म्हणजे मूर्तीचं स्नान, आणि माझ्या मते सगळ्या पूजेत खरं काम तेच आहे. कालची फुलं उतरवून घ्यायची. मग मोरपिसांच्या पिंछीने अगदी हलक्या हाताने मूर्तीवरून फिरवायचं, एखादी मुंगी, चिलट असेल तर ते सुखरूप बाजूला व्हावं म्हणून. मगच पाणी. कालचं केसर ओल्या कापडाने पुसलं की बहुतेक निघतं. कोपऱ्यात अडकून राहिलं तरच वाळाकुंची घ्यायची. वाळ्याच्या मुळांची ती छोटी कुंची असते. दातात अडकलेला कण आपण जितक्या जपून काढतो, तितक्याच जपून ती फिरवायची. भांडी घासल्यासारखी घासली तर संगमरवराची झिलई जाते आणि वर्षानुवर्षांनी नाक-बोटं बोथट होतात. मग दूध, दही, तूप, साखर आणि पाणी यांचं पंचामृत, आणि त्यावर पुन्हा स्वच्छ पाणी, चिकटपणा पूर्ण जाईपर्यंत.

यानंतर तीन अंगलूछणी, म्हणजे पुसायची मऊ सुती कापडं. पहिलं पाणी टिपतं, दुसरं ओल टिपतं आणि तिसऱ्याने मूर्ती कोरडी ठाक झाली पाहिजे. घाई करणारे दुसऱ्यावरच थांबतात. मूर्ती पद्मासनात असते. कानामागे, दंड आणि कुशीच्या मधल्या पोकळीत आणि मांडीवर ठेवलेल्या तळहातांच्या खाली पाणी लपून राहतं. कापडाचा पीळ करून तिथे फिरव आणि तो दाबून बघ. ओलसर लागला तर काम बाकी आहे. नाशिकच्या पावसाळ्यात ही ओल दिवसभर तशीच राहते. दुधाच्या अंशाला मुंग्या लागतात, संगमरवरावर हिरवट-काळी बुरशी धरते. पुढच्या दिवशी ती पुसायची म्हणजे पुन्हा जीवहिंसा. म्हणून नानी कोरडेपणाच्या बाबतीत इतकी कडक आहे. खाली ओट्यावरचं पाणी पुसायचं कापड वेगळं असतं, त्याला पाटलूछणं म्हणतात. ते चुकूनही मूर्तीला लावू नकोस, आणि अंगलूछणं जमिनीवर टेकवू नकोस.

प्रक्षालाचं पाणी एका भांड्यात जमा होतं. त्याला न्हवण म्हणतात. तुझा हात सवयीने ओंजळ करून पुढे जाईल, पण हे तीर्थ प्यायचं नसतं. बोटाने कपाळाला, डोळ्यांना लावायचं, आणि थेंब खाली पडून कुणाच्या पायाखाली येणार नाही हे बघायचं.

मग केसरपूजा. उजव्या हाताच्या अनामिकेने, नख न लावता. जागा 9 असल्या तरी टिळे 13 होतात, कारण पायाचे अंगठे, गुडघे, मनगटं आणि खांदे दोन-दोन आहेत. त्या प्रत्येकात आधी उजवा, मग डावा. नंतर मस्तक, कपाळ, कंठ, छाती आणि शेवटी बेंबी. सुरुवात मूळनायकापासून, म्हणजे मधल्या मुख्य मूर्तीपासून कर, मग बाकीचे तीर्थंकर. बाजूच्या कोनाड्यांत यक्ष-यक्षिणी, पद्मावतीदेवी वगैरे असतील. त्यांना सगळ्यांत शेवटी, अंगठ्याने, फक्त कपाळावर टिळा. ते भगवंताचे सेवक. त्यांना लावलेलं केसर पुन्हा भगवंताकडे न्यायचं नाही. फुलं अख्खी वाहायची. पाकळ्या तोडायच्या नाहीत, सुईने ओवलेली माळ नको, आणि जमिनीवर पडलेलं फूलही नको.

गाभाऱ्याबाहेर आल्यावर धूप, दिवा आणि मग पाटावर तांदूळ. तांदळाचा स्वस्तिक काढ, त्याच्या वर तीन छोटे ढीग आणि त्यांच्या वर अर्धचंद्र. स्वस्तिकाच्या चार भुजा म्हणजे जीव ज्यांत फिरत राहतो त्या चार गती: देव, मनुष्य, तिर्यंच म्हणजे पशुपक्षी-किडेमुंगी, आणि नरक. ढीग म्हणजे ज्ञान, दर्शन, चारित्र. वरचा चंद्र म्हणजे मुक्त जीवांची सिद्धशिला. स्वस्तिकावर खडीसाखर किंवा मिठाई आणि सिद्धशिलेवर फळ ठेवायचं. तुकडे झालेले तांदूळ नकोत, म्हणून मी घरूनच निवडून डबीत भरून दिलेत.

आणि इथेच तुला सगळ्यांत परकं वाटेल. ती मिठाई, ते फळ परत मिळत नाही. प्रसाद नाही. देवापुढे ठेवलं ते सोडलं. भंडारात टाकलेला पैसाही देवद्रव्य होतो, आणि तो मंदिर आणि मूर्ती यांच्याच कामी लावतात, तुमच्या-माझ्या जेवणावळीला नाही. लहानपणी तुझ्या बाबांच्या घरी पेढा मिळायचा आणि माझ्या माहेरी नाही, म्हणून तू रुसायचास. पण ज्याची मूर्ती आहे तो वीतराग आहे. त्याने सगळं टाकलं, तो कुणावर प्रसन्न होत नाही आणि कोपतही नाही. तेव्हा त्याच्याकडून काही घ्यायचं हा प्रश्नच येत नाही. परीक्षेसाठी, नोकरीसाठी नवस बोलणारे जैन मी खूप पाहिलेत, पण त्यांचा नवसही बहुतेक पद्मावतीला असतो, महावीरांना नाही. माणसाला कुणीतरी ऐकणारं हवं असतं, त्याला मी काय म्हणणार!

हे सगळं श्वेतांबर मूर्तिपूजकांचं झालं. नानी तुला म्हसरूळला गजपंथावर, चामरलेण्यांतही घेऊन जा म्हणेल. ते दिगंबरांचं सिद्धक्षेत्र आहे. तिथल्या मूर्तींना डोळे बसवलेले नसतात, आंगी-मुकुट नसतात, आणि पूजेची रीतही वेगळी. तिथे हे 13 टिळे लावायला जाऊ नकोस. हात जोडून दर्शन घे आणि तिथले लोक करतील तसं कर. सुमारे 400 पायऱ्या आहेत, तेव्हा नानीला खालीच सावलीत बसव, तिने कितीही हट्ट केला तरी.

धोतर-खेसाची जोडी आणि तांदळाची डबी बाबांच्या हाती शनिवारी पोचेल. धोतर नेसायला नानीला सांगू नकोस, मामाला सांग. तिच्या हाताने ते अर्ध्या वाटेत सुटतं.

तुझी,
आई