करारावर सही करण्याआधी बँकेचं पत्र

फोंडा, गोवा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

भाड्याने घ्यायला पर्वरीचा फ्लॅट पसंत पडला आणि त्यावरही मालकांचं कर्ज चालू आहे, हे तुझ्या पत्रातून कळलं. मालकांना बँकेच्या परवानगीचं विचारलं तर त्यांना राग येईल का, असं तू विचारतोस. आम्ही नुकतेच यातूनच गेलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या कुर्टीच्या फ्लॅटचं भाडं सोळा हजार ठरलं, अनामत दोन महिन्यांची. कागद बघायला बसलो तर मालकांनी विक्रीखताची झेरॉक्स पुढे केली. पानं स्वच्छ होती, सगळं जुळत होतं. मूळ प्रत बघायला मिळेल का असं विचारल्यावर ते सहज म्हणाले, "ती बँकेत आहे, कर्ज फिटलं की मिळेल." त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. मूळ दस्तऐवज बँकेकडे ठेवून घर गहाण टाकणं ही आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे. पुढचा प्रश्न मात्र तिथूनच सुरू होतो. गृहकर्जाच्या बहुतेक करारांत असं कलम असतं की बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर भाड्याने द्यायचं नाही, लीव्ह अँड लायसन्सवरही नाही. कर्ज घेताना इतक्या ठिकाणी सह्या होतात की पुष्कळ मालकांना हे कलम आठवतही नाही.

परवानगी नसेल तर आपलं काय बिघडतं, ते सांगतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ६५-अ हे कलम आहे. घर गहाण टाकलेल्या पण ताबा स्वतःकडे असलेल्या मालकाला ते भाडेपट्टा द्यायची मुभा देतं, आणि तो भाडेपट्टा बँकेवरही बंधनकारक होतो. पण गहाणाच्या करारात उलट काही लिहिलेलं नसेल तरच. शिवाय भाडं बाजारभावाला धरून हवं, आगाऊ भाडं घेतलेलं नसावं, घराच्या बाबतीत मुदत तीन वर्षांच्या वर नसावी, अशा अटी आहेत. आपण करतो तो अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स तर भाडेपट्टाही नसतो, नुसती राहण्याची परवानगी असते. उद्या बँकेने लिलाव केला तर नवा मालक त्या परवानगीला बांधलेला नसतो.

हप्ते थकले तर पुढे काय होतं? थकबाकी नव्वद दिवसांच्या वर गेली की खातं अनुत्पादक म्हणजे एनपीए वर्गात जातं. मग थकीत कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायद्याखाली बँक मालकाला साठ दिवसांची नोटीस देते. ती हातात पडल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्याने देताच येत नाही. साठ दिवसांत पैसे आले नाहीत तर बँक ताब्याची कारवाई करू शकते. प्रत्यक्ष कुलूप लागायला बहुतेकदा आणखी वेळ जातो, मध्ये जिल्हाधिकाऱ्यांचा आदेशही लागू शकतो. भाडेकरूला कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं, पण तिथेही पहिल्यांदा हेच बघतात की करार ६५-अ ला धरून होता का, गहाणाच्या अटी मोडून केला होता का, आणि नोटिशीच्या आधीचा होता की नंतरचा.

आमच्या मालकांनी एक सवलत देऊ केली होती. अकरा महिन्यांचं भाडं एकदम दिलं तर महिना पंधरा हजार, म्हणजे एक लाख पासष्ट हजारांत अकरा महिने निघणार आणि आमचे अकरा हजार वाचणार. त्यांना ते पैसे कर्जात भरायचे होते, हेतू सरळ होता. मी हिशेब मांडला. समजा पाच महिन्यांनी घर सोडायची वेळ आली, तर सहा महिन्यांचे नव्वद हजार मालकांकडे अडकणार. हप्ते भरता न आलेला माणूस ते कुठून परत देणार? आणि आगाऊ भाडं दिलं म्हणजे ६५-अ ची अट आपणच मोडली, बँकेपुढे बोलायला जागा उरत नाही. मी नम्रपणे नाही म्हटलं. अनामतही दोन महिन्यांच्या वर जाऊ दिली नाही, कारण ती परत करायची जबाबदारी मालकाची, बँकेची नाही.

आता विचारायचं कसं. मी टोकन देण्याआधी मालकांना हा मेसेज पाठवला: "काका, घर आम्हाला मनापासून आवडलं आहे. घरावर कर्ज चालू आहे असं तुम्ही सांगितलंत. भाड्याने द्यायला बँकेची ना हरकत घेतलेली असेल तर तिची प्रत मिळेल का? नसेल तर एक अर्ज करूया, मी सोबत येतो. पत्र हातात आलं की त्याच दिवशी करार करू." यात संशय कुठेच नाही, घर घ्यायची तयारी मात्र स्पष्ट आहे.

तरी काकांना थोडं लागलं. "मी एकही हप्ता चुकवलेला नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "त्याबद्दल शंकाच नाही, काका. पण न विचारता भाडेकरू ठेवला आणि बँकेला कळलं, तर अट मोडली म्हणून तुम्हालाच जाब विचारतील." हे काकूंना लगेच पटलं. कर्ज दोघांच्या नावावर होतं, म्हणून अर्जावर दोघांच्या सह्या घेतल्या. तुझ्याकडेही हे बघ. आपल्या गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, एकाच्या सहीवर थांबू नकोस.

बँक आपल्याला परस्पर काही सांगणार नाही, दुसऱ्याच्या खात्याची माहिती ती देत नाही. म्हणून अर्ज मालकांचाच हवा. आम्हाला मिळालेल्या पत्रात कर्जखात्याचा क्रमांक, फ्लॅटचा पूर्ण पत्ता, राहण्यासाठीच वापर, अकरा महिन्यांची मुदत, शाखेचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही होती. खाली एक अटही होती: बँकेने मागणी केल्यास भाडेकरूने जागा रिकामी करावी. म्हणजे या पत्राने घरात राहायचा हक्क पक्का होत नाही, हे मनाशी धर. आपला करार चोरून केलेला नाही, एवढं त्याने सिद्ध होतं. "आमचे मॅनेजर ओळखीचे आहेत, ते काही बोलणार नाहीत" असं कुणी म्हटलं तर ते पत्राच्या जागी धरू नकोस. मॅनेजरची बदली होते.

हप्ते खरंच वेळेवर जातात का, हे पत्रावरून कळत नाही. त्यासाठी कर्जखात्याचा गेल्या सहा महिन्यांचा उतारा मागितला. शिल्लक रक्कम झाकून द्या म्हटलं, आपल्याला थकबाकीचा रकाना शून्य दिसला की पुरे. काकांनी तो तिथल्या तिथे मोबाईलवर उघडून दाखवला. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही सहज विचारलं, दारावर कधी बँकेची नोटीस लागली होती का. ताब्याची नोटीस बँक घरावर चिकटवते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असतं, त्यामुळे शेजाऱ्यांना बहुधा माहीत असतं.

करारात आम्ही एक परिच्छेद घातला: घरावर कर्ज आहे, बँकेची परवानगी सोबत जोडली आहे, बँकेची कोणतीही नोटीस आल्यास मालक सात दिवसांत भाडेकरूला प्रत देतील, आणि तशी नोटीस आल्यास भाडेकरूला मुदतीआधी घर सोडता येईल व अनामत पूर्ण परत मिळेल. वकिलाने भाषा नीट करून दिली, काकांनी वाचून मान डोलावली.

तुझा एजंट घाई करतोय, "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" म्हणतोय, असं तू लिहिलंस. त्याला सांग, पत्र आलं की टोकन त्याच दिवशी. मालक अर्ज करायलाच तयार नसतील, तर सुहास, तो फ्लॅट सोडून दे. मुलीची शाळा जूनमध्ये सुरू होईल, वर्षाच्या मध्यात तिला घेऊन दुसरं घर शोधायची वेळ तुमच्यावर यायला नको. कराराचा मसुदा आला की मला पाठव, मी आमच्या वकिलांना दाखवतो.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
उल्हास