खालच्या खानावळीचा धूर आणि वरच्यांचा हक्क

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पर्यटनाचा मोसम भरात आला की तळमजल्यावरच्या खानावळींच्या धुराबद्दल आपल्याकडे पत्रे येऊ लागतात. सूर बहुतेकांचा एकच असतो. नगरपरिषदेत अर्ज दिला, पोलिसांकडे दिला, आणि "त्यांच्याकडे परवाना आहे" असे ऐकून परत आलो. मी मालवणात दिवाणी वकिली करून आता निवृत्त आहे. बरेच लोक चुकीच्या दारात उभे राहतात, म्हणून हे लिहितो आहे.

गावभर, आळीभर त्रास होत असेल तर तो सार्वजनिक उपद्रव. त्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पण त्रास फक्त वरच्या दोन-तीन बिऱ्हाडांना असेल, तर तिथले उत्तर ठरलेले: हा तुमच्या दोघांमधला वाद आहे. ते उत्तर उद्धट वाटले तरी चुकीचे नाही, कारण हा खाजगी उपद्रव आहे. आपल्या जागेचा सुखाने उपभोग घेण्यात शेजाऱ्याने वाजवीपेक्षा जास्त अडथळा आणला तर त्याची दाद दिवाणी न्यायालयात मागायची असते. ती घरमालकाला मागता येते, तशी कायदेशीर ताब्यात असलेल्या भाडेकरूलाही. खानावळवाल्याची नियत वाईट होती किंवा त्याने हयगय केली, हे सिद्ध करावे लागत नाही.

समजा, बाजारपेठेत दुमजली इमारत आहे. खाली खानावळ, मागच्या बाजूला स्वयंपाकघर, आणि त्याचा एक्झॉस्ट पंखा पश्चिमेच्या भिंतीत, पहिल्या मजल्याच्या गॅलरीखाली सहा फुटांवर. दुपारी बारा ते तीन आणि रात्री सात ते अकरा बांगडे-सुरमईचा तवा चालू, शिवाय कोळशाची भट्टी. वरच्या घरात खिडकीच्या गजांना बोट लावले की चिकट, काळसर थर बोटाला येतो. वाळत घातलेल्या कपड्यांना तळणीचा वास लागतो आणि रात्री खिडक्या बंद करून झोपावे लागते. हा उपद्रव आहे का?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. नुसता माशाचा वास आला म्हणून दावा टिकत नाही. कोकणात राहून तळलेल्या बांगड्याचा वास ज्याला सोसत नाही, त्याच्या नाकावरून न्यायालय मोजमाप करत नाही. माप सर्वसाधारण माणसाचे असते: त्या वस्तीत राहणाऱ्या, मासे खाणाऱ्या-न खाणाऱ्या कोणालाही हे रोज, इतके तास, या प्रमाणात असह्य झाले असते का? 'खाली मच्छी शिजते' एवढ्यावर चिडून आलेले पक्षकार मी पाहिले आहेत, आणि त्यांना परत पाठवले आहे. पण गजांवरचा तेलकट थर आणि घरात भरणारा कोळशाचा धूर हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

याबाबत 1913 सालचा एक इंग्लिश खटला वकिलांना तोंडपाठ असतो, कारण तो तळलेल्या माशांच्या दुकानाचाच होता. वासाने शेजारी हैराण झाला होता. दुकानदाराने बाजू मांडली की गरिबांना स्वस्त खाणे मिळते, दुकान बंद झाले तर त्यांचे हाल होतील. न्यायालयाने ते मान्य केले नाही. लोकांची सोय होते म्हणून एका शेजाऱ्याने त्रास सोसावा असे होत नाही. मात्र मनाई मिळाली ती त्या जागेपुरती, साऱ्या रस्त्यावर मासे तळायला नव्हे.

'ही बाजारपेठ आहे, इथे असे चालायचेच' या बचावाला अर्धा जोर आहे. बाजारात राहणाऱ्याने थोडे जास्त सोसायचे हे खरे. पण अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या 1978 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात खाली पिठाची गिरणी आणि वर राहती माणसे असाच मामला होता. वस्ती मुळात गोंगाटाची असली, तरी त्यात ठळक भर पडली तर तो उपद्रवच, असे त्यात ठरले. परवान्याचेही तसेच. परवान्याने धंदा करता येतो, शेजाऱ्याच्या घरात धूर सोडण्याचा हक्क मिळत नाही. "खानावळ आधीपासून होती, तुम्ही फ्लॅट नंतर घेतलात" हाही बचाव चालत नाही.

चालतो तो वीस वर्षांचा. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे हक्क म्हणून, उघडपणे आणि अखंड वीस वर्षे वहिवाट झाली, तर हवा दूषित करण्याचाही हक्क मिळू शकतो. पण तो तेवढाच, जेवढा धूर त्या मुदतीच्या सुरुवातीला होता. तेव्हा दोन चुली होत्या आणि आता भट्टीची भर पडली असेल, तर भट्टीला त्या हक्काचा आधार नाही. म्हणून भट्टी कधी आली याचा पुरावा जपा.

दावे पडतात ते पुराव्यावर. लोक डॉक्टरांच्या दाखल्यामागे धावतात. दाखला असला तर उत्तम, पण तब्येत बिघडलीच पाहिजे असे नाही. धुराच्याच एका प्रकरणात आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 1986 च्या निकालात म्हटले आहे की नेहमीच्या सुखसोयीत ठळक अडथळा आला तरी पुरे. त्यापेक्षा एक वही घाला. तारीख, वेळ, किती वेळ धूर आला, कोणती खिडकी बंद करावी लागली, आणि वारा कुठला होता. आपल्या किनाऱ्यावर हे शेवटचे फार कामाला येते. दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो आणि पश्चिमेच्या पंख्याचा धूर उलटा भिंतीवर आणून घालतो. संध्याकाळी तो पडला आणि मतलई अजून सुटला नाही, की धूर जागीच कोंडतो, आणि नेमकी तीच रात्रीच्या जेवणाची वेळ. वहीतल्या नोंदी वाऱ्याशी जुळल्या की उलटतपासणीत त्या सहसा हलत नाहीत.

दुसरे, कोर्ट कमिशनर. जागेची पाहणी करून अहवाल देण्यासाठी न्यायालय त्याला नेमते. तो दुपारी चार वाजता आला तर तवा थंड, पंखा बंद आणि फरशी नुकतीच पुसलेली असते. मग अहवालात 'धूर आढळला नाही' असे येते. तेव्हा अर्जातच मागा की पाहणी जेवणाच्या वेळेत, शक्यतो रविवारी व्हावी. पंख्यापासून गॅलरीचे अंतर मोजावे, गजांवरचा थर पाहावा आणि भट्टी चालू असताना वरच्या खोलीत उभे राहून नोंद घ्यावी.

मागणी काय करायची, यातही लोक घाई करतात. 'खानावळ बंद करा' ही मागणी तोल घालवते. न्यायाधीशांपुढे दहा माणसांची रोजी उभी राहते आणि तात्पुरती मनाईही हातची जाते. त्यापेक्षा नेमके मागा: पंख्याचे तोंड गॅलरीखालून काढावे, चुलींवर हूड बसवून धुराचा पाइप गच्चीच्या वर न्यावा, आणि तोवर कोळशाची भट्टी पेटवू नये. गाळा भाड्याचा असेल तर गाळामालकालाही प्रतिवादी करा. पाइप त्याच्या भिंतीवरून जायचा असतो, आणि तो दाव्यात नसेल तर खानावळवाला पहिल्याच तारखेला सांगतो, "मालक भोक पाडू देत नाही."

आपला,
एक निवृत्त वकील, मालवण