मीटर हवेचं बिल करतो, साहेब!

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात दीड वर्ष चाललेल्या, सिग्नलने आपोआप रीडिंग पाठवणाऱ्या नव्या पाणी-मीटरच्या प्रायोगिक योजनेचा अहवाल वाचला. 'रीडिंग वेळेवर मिळाले, माणसं पाठवण्याचा खर्च वाचला, सबब योजना शहरभर राबवावी.' अभिनंदन! त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीला थकबाकीची नोटीस आली. तपासणी होईपर्यंत जुन्या सरासरीने बिल येईल, असं भरसभेत सांगितलं होतं. मी सेक्रेटरी, त्यामुळे लोकांच्या शिव्या मला. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तर तोंडावर म्हणाले, "काका, पाणी कोणाला विकता?"

म्हणून पहाटे चारला उठून मी स्वतः मोजलं. गुडघे दुखतात, पण ते अहवालात येणार नाही.

खालची टाकी ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद. पंप बंद ठेवला, पाणी येण्याआधी आणि गेल्यावर काठी बुडवली. पातळी १.२ मीटर वाढली, म्हणजे १८,००० लिटर. मीटर म्हणतो २०,७००. मधे गळती असेल म्हणाल, तर टाकी भरून बॉलकॉक बंद झाल्यावर मीटर जागचा हलला नाही. गळती असती तर फिरत राहिला असता. मग २,७०० लिटर गेलं कुठे? चावीवाल्याने चावी सोडली की रिकाम्या लाइनीतली हवा आधी पुढे सरकते. टाकीत थेंब नाही, नळातून नुसतं फुस्स, आणि आतलं चक्र गरगर! चक्राला पाणी काय, हवा काय, सारखंच. मीटरच्या आधी हवा सोडणारा वॉल्व्ह बसवला असता तर बरीचशी हवा तिथेच सुटली असती. तो बसवला नाही.

'रीडिंग आलं' आणि 'रीडिंग बरोबर आलं' यातला फरक अहवालाला कळलेला नाही. कोणाच्याही टाकीशी ताळा घेतलेला नाही. पावसात मीटरचा खड्डा भरला, वर लोखंडी झाकण, तेव्हा सिग्नलच जात नव्हता. त्या महिन्यांचे आकडे सरासरीने भरले आणि तेही यशात धरले! खर्चात मीटर आणि बसवणी आहे. बॅटरी संपल्यावर काय, दुरुस्ती कोण करणार, यावर एक ओळ नाही.

शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येतं. त्यातलं शंभरातलं तीस गळती-चोरीत जातं म्हणतात. खरं-खोटं तुमचं तुम्हाला ठाऊक. ते पकडायला मुख्य लाइनी मोजाव्या लागतील, टँकरवाल्यांना हात लावावा लागेल. त्यापेक्षा सोसायटीच्या खड्ड्यात मीटर टाकणं सोपं. तुमच्याकडे प्रयोग कधी नापास होतच नाही, त्याची निविदा आधीच निघालेली असते.

आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येतं. बुधवारी या, फुस्स ऐका. झाकण मी उचलून धरतो. शुक्रवारी कनेक्शन तोडायला तुमची माणसं येणार आहेत, त्याआधी या.

आपला,
एक सेक्रेटरी, मुंबई