जाड सुती पडदे घरी धुताना

नागपूर,
दि. १२ ऑक्टोबर

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

जेवणघराचे जाड सुती पडदे दिवाळीआधी घरीच धुवावेत का, आणि धुतले तर ते आखडतील का, असे तू विचारले होतेस. अवश्य धू. मात्र गेल्या वर्षी मी जी चूक केली, ती तू करू नकोस.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या पडद्याला फोडणीचा आणि रविवारच्या सावजी रश्श्याचा वास कायमचा बसला होता. तेल गरम पाण्याने सुटते म्हणून मी जवळजवळ उकळते पाणी ओतले, खसाखसा घासले आणि पीळ घालून वाळत टाकले. ८४ इंच लांबीचा पडदा ८०.५ इंच झाला आणि जमिनीपासून चांगला वर लोंबू लागला. त्याचे पॉलिएस्टरचे अस्तर मात्र मुळीच आखडले नाही, त्यामुळे ते पडद्याखालून डोकावू लागले.

मागावर आणि नंतर कापड तयार करताना उभे धागे ताणून धरलेले असतात. पाणी लागताच सुती धागा फुगतो आणि आडव्या धाग्यांना वळसा घालायला त्याला अधिक लांबी लागते. ती लांबी कापडातूनच घेतली जाते, म्हणून पडदा रुंदीपेक्षा उंचीला अधिक आखडतो. उष्णता आणि घासणी यांनी हे झपाट्याने होते. बहुतेक आखडणे पहिल्या एक-दोन धुण्यांतच उरकते, म्हणून तुझे नवे, कधीच न धुतलेले पडदे अधिक जपून हाताळ.

वासाचे कारण निराळे आहे. फोडणीतून उडालेल्या तेलाचा अतिशय पातळ थर धाग्यांवर बसतो, त्यावर उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्याबरोबर आलेली धूळ चिकटते, आणि तेल जुने झाले की ते खवट होते. उष्णतेचे काम वेळ आणि सोडा यांच्याकडून करून घेता येते, हे मला त्या फजितीनंतर उमगले.

या वर्षी मी दुसरा, तसाच ८४ इंची पण न धुतलेला पडदा घेतला. आधी उंची मोजून लिहून ठेवली, हुक काढले, आणि पडदा गच्चीवर नेऊन उलट बाजूने हलकेच झटकला. कोरडी धूळ आधी गेलीच पाहिजे, नाहीतर पाण्यात तिचा चिखल होऊन तो विणीत शिरतो. कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून रंग सुटत नाही ना, हेही पाहिले. वरच्या धातूच्या कड्या इतर कापडाला लागू नयेत म्हणून त्यांवर उशीचा जुना अभ्रा बांधला.

मग टबात २० लिटर कोमट पाणी घेतले, म्हणजे हात सहज ठेवता येईल इतके, त्यात नेहमीची पावडर आणि ४ चमचे धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवला आणि पडदा ४० मिनिटे भिजवला. या वेळात मी त्याला तीन-चारदा फक्त दाबले, घासले नाही. पाणी काळ्या चहासारखे झाले. ते टाकून पुन्हा तसेच २० मिनिटे भिजवले, तेव्हा पाणी फिकट राखाडी आले. आमच्या कॉलनीतल्या बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडी फेसच देत नाही आणि तिचा चिकट पांढरा थर कापडावर बसतो, म्हणून पावडरच वापर. शेवटच्या खंगाळण्यात बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घातले, त्याने सोड्याचा अंश निघतो. ब्लीचबरोबर मात्र व्हिनेगर कधीही मिसळू नकोस, त्यातून विषारी वायू निघतो.

वास गेला की नाही, हे कोरड्या कापडावर ओळखता येत नाही. ओला कोपरा मुठीत धरून गरम होऊ दे आणि मग हुंग. खवटपणा जाणवला, तर आणखी एकदा भिजव, कारण इस्त्रीखाली आणि पावसाळ्यात तो पुन्हा वर येणारच.

पीळ घालू नये. मी पडदा टबाच्या काठावर अर्धा तास निथळत ठेवला आणि दोन समांतर दोऱ्यांवर सावलीत टाकला, कारण आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात रंग विटतो. थोडा दमट असतानाच तो पुन्हा दांडीवर चढवला, खालची किनार दोन्ही हातांनी धरून हलके ओढली आणि उंचीच्या दिशेने इस्त्री फिरवली. ओल्या पडद्याचे वजनच धागे ताणते. वाळल्यावर मोजला, तर ८३.२५ इंच भरला.

तुझ्या पडद्यांच्या किनारीत कापड दुमडलेले असेल, तर धुण्याआधी ती शिलाई उसवून घे आणि वाळल्यावर नव्या मापाने घाल. अस्तराला रबरी लेप असेल, तर मात्र इतका वेळ भिजवू नकोस आणि त्या बाजूने इस्त्री फिरवू नकोस. सगळे पडदे एकदम काढण्याऐवजी आधी एकच धू, मोज, आणि किती आखडला ते मला कळव.

तुझा,
मुकुंद