दोन तासांत परत यायची रक्कम चार दिवस कुठे असते? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

स. न. वि. वि.

आम्ही पगार, पुरवठादारांची बिलं आणि अनामत रकमांचे परतावे बँकेतून पाठवण्याचं काम रोज करतो. आमच्यातल्या काहींनी बँकांच्या पेमेंट विभागांत बरीच वर्षं काढली आहेत. या पत्रात आम्ही एकच प्रश्न मांडतो आहोत. एनईएफटीने पाठवलेली रक्कम समोरचं खातं बंद असल्यामुळे किंवा नाव न जुळल्यामुळे परत येते, तेव्हा तिला इतके दिवस का लागतात?

नियम स्पष्ट आहे. एनईएफटीच्या दिवसभरात अर्ध्या अर्ध्या तासाने ४८ फेऱ्या होतात. ज्या फेरीत रक्कम गेली, ती पूर्ण झाल्यापासून दोन तासांत समोरच्या बँकेने पैसे खात्यात जमा करायचे, आणि जमा करता येत नसतील तर त्याच दोन तासांत परत पाठवायचे. तिसरी शक्यता नियमात नाही. प्रत्यक्षात मात्र ती रोज घडते.

एक उदाहरण घेऊ. एका पुरवठादाराला २,४०,००० रुपये द्यायचे आहेत. त्याने दोन महिन्यांपूर्वी बँक बदलली आणि जुनं खातं बंद केलं, पण बिलावर छापलेला खाते क्रमांक जुनाच राहिला. शुक्रवारी दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी रक्कम पाठवली. ती चारच्या फेरीत गेली आणि पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर `SUCCESS` असं आलं. या शब्दाने फसायला होतं, कारण त्याचा अर्थ इतकाच असतो की आपल्या बँकेने रक्कम आपल्या खात्यातून काढून पुढे पाठवण्यासाठी घेतली. समोर ती जमा झाली की नाही, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

समोरच्या बँकेच्या संगणकाला तो क्रमांक सापडतो, पण खात्याची स्थिती ‘बंद’ दिसते. इथे दोन वाटा फुटतात. यंत्रणा नीट बसवलेली असेल तर रक्कम माणसाचा हात न लागता पुढच्याच एखाद्या फेरीत परत येते, संध्याकाळी सहाच्या आत. तशी बसवलेली नसेल तर रक्कम बँकेच्या एका अंतर्गत खात्यात जाऊन पडते. त्याला कुणी पार्किंग खातं म्हणतं, कुणी सस्पेन्स. मग तिथल्या नोंदींची यादी निघते आणि ती पाहण्यासाठी एका कर्मचाऱ्याची वाट पाहते. काही ठिकाणी हा कर्मचारी शाखेला विचारल्याशिवाय परतीचं बटण दाबत नाही, कारण कधीकधी ग्राहकाचं त्याच बँकेत दुसरं खातं असतं आणि ‘तिकडे वळवून घ्या’ असा आग्रह होतो.

एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, बाराही महिने सुरू आहे. ही यादी पाहणारं टेबल मात्र कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेतच उघडतं. आपल्या उदाहरणात शुक्रवारी चारनंतर आलेली नोंद त्या दिवशी कुणी पाहिली नाही. दुसरा दिवस महिन्यातला दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवारी शाखेला मेल गेला, मंगळवारी सकाळी उत्तर आलं आणि अकराच्या सुमारास रक्कम निघाली. पाठवणाऱ्याला शुक्रवारी सहा वाजता मिळायला हवे होते ते पैसे मंगळवारी दुपारी मिळाले.

इतका उशीर झाला की आणखी एक बिघाड होतो, आणि हिशेब ठेवणाऱ्याला तो फार महागात पडतो. वेळेत परत आलेल्या रकमेसोबत मूळ व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आणि परतीचं कारण येतं. उशिरा परत पाठवताना अनेकदा ती रक्कम नव्या एनईएफटीच्या रूपात पाठवली जाते. मग नवा यूटीआर लागतो आणि पाठवणारा म्हणून दिसतं बँकेच्या त्या अंतर्गत खात्याचं नाव. पासबुकात फक्त २,४०,००० रुपये जमा झालेले दिसतात. त्याच दिवशी तेवढ्याच रकमेचे दोन व्यवहार परत आले असतील तर कोणता कुणाचा, हे शोधण्यात अर्धा दिवस जातो. आमची पहिली मागणी इथलीच आहे. परतीची रक्कम कोणत्याही मार्गाने आली तरी मूळ यूटीआर आणि एका शब्दातलं कारण खातेउताऱ्यातल्या नोंदीत असलंच पाहिजे, असं आपण बंधनकारक करावं.

आता नावाकडे येऊ. सामान्य माणसाचा, आणि काही शाखांतल्या कर्मचाऱ्यांचाही, सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. ऑक्टोबर २०१० पासून आपल्याच बँकेच्या परिपत्रकानुसार रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा होते. क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, आणि नाव हे जमा केल्यानंतरच्या पडताळणीसाठी. भारतातल्या नावांचा विचार केला तर हे धोरण शहाणपणाचंच आहे. ‘ज्ञानेश्वर’ हे एकच नाव आपल्याकडे `DNYANESHWAR` असं लिहिलं जातं आणि उत्तरेकडे `GYANESHWAR` असं. खातं एका स्पेलिंगने उघडलेलं, बिलावर दुसरं. कुणाचं आडनाव आधी, कुणाचं शेवटी. लग्नानंतर आधार कार्डावर नवं नाव, खात्यावर जुनंच. एकल मालकीच्या दुकानाचं खातं दुकानाच्या नावे असतं आणि पाठवणारा मालकाचं नाव लिहितो. यातली बहुतेक माणसं बरोबरच असतात, चुकतं ते फक्त लिहिणं.

तरीही अनेक यंत्रणा आलेलं नाव खात्यावरच्या नावाशी ताडून त्याला गुण देतात आणि ठरलेल्या पातळीखालची रक्कम त्याच पार्किंग खात्यात टाकतात. पातळी किती असावी, हे प्रत्येक बँक आपलं आपण ठरवते. म्हणून त्याच स्पेलिंगने पाठवलेले पैसे एका बँकेत मिनिटांत जमा होतात आणि दुसरीत अडकतात. फसवणूक रोखण्यासाठी नाव तपासू नका, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. संशय असेल तर दोन तासांत परत करा. संशय नसेल तर जमा करा. ‘पाहून ठरवू’ म्हणून बाजूला ठेवलेली रक्कम पाठवणाऱ्याच्याही हाती नसते आणि घेणाऱ्याच्याही. पगाराच्या बाबतीत याचा अर्थ त्या माणसाचा हप्ता चुकणं, एवढा साधा आणि कठोर असतो.

१ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएससाठी रक्कम पाठवण्याआधी समोरचं नाव दाखवण्याची सोय आपण बँकांना बंधनकारक केली, तीही विनाशुल्क. तिच्यामुळे चुकीच्या खात्यात पैसे जाण्याचा धोका नक्कीच कमी झाला. पण बंद खात्याच्या बाबतीत तिच्यात एक फट राहिली आहे. कोणत्याही कारणाने नाव दाखवता आलं नाही तर पाठवणारा स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जाऊ शकतो. समोरच्या बँकेचा सर्व्हर उत्तर देत नसेल तरी नाव दिसत नाही, आणि खातं बंद असेल तरीही उत्तर तसंच येऊ शकतं. पाठवणारा समजतो की यंत्रणा ढिली आहे, आणि ‘पुढे जा’ दाबतो. आमची विनंती आहे की किमान तीन उत्तरं वेगळी दिसावीत: ‘बँकेकडून उत्तर नाही’, ‘असा क्रमांक नाही’ आणि ‘खातं बंद’. तिसरं उत्तर आलं की व्यवहार तिथेच थांबावा. आरटीजीएस ज्या आंतरराष्ट्रीय संदेशपद्धतीवर चालतं, तिच्यात चुकीच्या क्रमांकासाठी `AC01` आणि बंद खात्यासाठी `AC04` असे वेगळे संकेत आधीपासून आहेत. म्हणजे भेद करणारी भाषा तयार आहे, ती ग्राहकाच्या स्क्रीनपर्यंत आणायची आहे.

इथे एक खुलासा, कारण शाखांतसुद्धा यात घोळ होतो. दोन वर्षं ग्राहकाने व्यवहार न केल्यामुळे निष्क्रिय झालेलं खातं म्हणजे बंद खातं नव्हे. निष्क्रिय खात्यात पैसे जमा होऊ शकतात, अडचण काढताना येते. ‘निष्क्रिय होतं म्हणून परत केलं’ असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागावं.

आता भरपाई. दोन तासांची मुदत चुकली तर बँकेने रेपो दर अधिक दोन टक्के या दराने दंडव्याज द्यायचं, आणि तेही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता, असा नियम आहे. रेपो दर साडेपाच टक्के धरला तर वरच्या उदाहरणात २,४०,००० रुपयांवर साडेसात टक्क्यांनी दिवसाला सुमारे ४९ रुपये होतात, चार दिवसांचे १९७. पगाराच्या २०,००० रुपयांवर हेच दिवसाला जेमतेम चार रुपये. उलट आयएमपीएस किंवा यूपीआयमध्ये खात्यातून रक्कम गेली आणि समोर जमा झाली नाही, तर एका दिवसाच्या मुदतीनंतर दिवसाला १०० रुपये, असं आपण सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ठरवलं. एनईएफटीने पगार पाठवणाऱ्या छोट्या संस्थेलाही तीच किमान रक्कम लागू करावी. चार रुपयांसाठी कोणतीही बँक आपलं टेबल शनिवारी उघडं ठेवणार नाही. दंडव्याज दिलं तर ते उताऱ्यात वेगळ्या ओळीत दिसावं. आज ते दिलं की नाही, हे शोधायलाच अर्ज करावा लागतो.

हे होईपर्यंत पाठवणाऱ्यांनी काय करावं, तेही इथेच नोंदवतो. समोर रक्कम जमा झाली की तसा संदेश पाठवणाऱ्याला यायला हवा. फेरीनंतर दोन तास उलटले आणि तो आला नाही, तर रक्कम अडकली आहे असं धरावं. लगेच दुसऱ्यांदा रक्कम पाठवू नये. नाव न जुळल्यामुळे थांबलेली पहिली रक्कम नंतर जमा झाली, तर पैसे दुप्पट जातात आणि ते परत मिळवणं पूर्णपणे घेणाऱ्याच्या मर्जीवर उरतं. स्वतःच्या बँकेला यूटीआर देऊन लेखी तीन गोष्टी विचाराव्यात: रक्कम कोणत्या फेरीत गेली, समोरून जमा झाल्याचा किंवा परतीचा संदेश आला का, आणि आला असेल तर किती वाजता. या वेळांवरच दंडव्याजाचा हिशेब उभा राहतो. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तिथे ही तीन उत्तरं किंवा ती दिली नाहीत याचा पुरावा सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

शेवटची विनंती. मुदत उलटूनही पार्किंग खात्यांत पडून राहिलेल्या रकमांचा आकडा प्रत्येक बँकेने दर महिन्याला आपल्याकडे द्यावा आणि आपण तो बँकनिहाय प्रसिद्ध करावा. कोणत्या बँकेत रक्कम तासांत परत येते आणि कोणत्या बँकेत दिवसांत, हे कळलं की आम्ही पुरवठादाराकडून आणि कर्मचाऱ्याकडून खाते क्रमांक घेतानाच त्याचा विचार करू.

आपले,
रोज देयकं पाठवणारे आणि परत आलेल्या रकमा जुळवणारे काही लेखापाल