कोरड्या महिन्यांचा हिशेब

चि. मनू हिस,

अनेक आशीर्वाद.

चित्रकार म्हणून स्वतंत्रपणे काम करण्याच्या पहिल्या वर्षाविषयी बोलण्यासाठी तुझ्या जुन्या कॉलेजने तुला बोलावले आहे आणि हाताशी जेमतेम पंधरा मिनिटे आहेत, असे तू कळवलेस. वर्षभर तुझे हिशेब मीच लिहीत असल्यामुळे एक सुचवतो. कोरड्या महिन्यांविषयी, म्हणजे काम किंवा पैसा येत नाही त्या महिन्यांविषयी बोल. मात्र विद्यार्थ्यांना धीर देत बसू नकोस, तर काम केल्यापासून पैसा हाती येईपर्यंत किती काळ जातो, ते एका कामाच्या आधारे दाखव.

तुझ्या दिवाळी अंकाच्या कामाचेच उदाहरण घे. जुलैमध्ये चित्रे सांगितली गेली, ऑगस्टअखेर ती पूर्ण झाली आणि 60,000 रुपयांचे बिल गेले; पण अंकाच्या जाहिरातींचे पैसे वसूल होईपर्यंत बिले अडकून राहतात, त्यामुळे तुझी रक्कम नोव्हेंबरच्या शेवटी जमा झाली. तीही 54,000, कारण एका आर्थिक वर्षात 50,000 रुपयांहून अधिक व्यावसायिक मोबदला देणारी कंपनी 10 टक्के टीडीएस कापून घेते. तुझे उत्पन्न करपात्र नसले, तरी ते 6,000 रुपये पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यानंतरच परत येणार. म्हणजे जुलैतल्या श्रमांचा शेवटचा रुपया हाती पडायला वर्ष उलटते.

याचा एक परिणाम मुलांच्या सहज ध्यानात येत नाही. नोव्हेंबरमध्ये तुझ्या खात्यात वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक होती, आणि नेमके त्याच महिन्यात नवे काम एकही नव्हते. दिवाळीनंतर चित्रकाराला कोण विचारतो? त्या रिकाम्या नोव्हेंबर-डिसेंबरची झळ खात्याला लागली ती फेब्रुवारीत, आणि तेव्हा तू काम मिळवण्यासाठी धावाधाव केलीस, तरी त्या कामांचे पैसे मे महिन्याआधी येणे शक्यच नव्हते. बँकेची शिल्लक तीन महिन्यांपूर्वीची परिस्थिती सांगत असते. म्हणून पासबुकापेक्षा एका साध्या वहीकडे पाहावे, असे त्यांना सांग: या महिन्यात किती जणांनी चौकशी केली, किती जणांना दर कळवले आणि किती कामे ठरली. चौकशाच येत नसतील, तर आपण लोकांच्या नजरेसमोर नाही. चौकशा येतात, दर कळवला की मंडळी गप्प होतात, तर दर किंवा नमुन्याची चित्रे तपासायला हवीत. दोन्ही महिने कोरडेच, परंतु उपाय निरनिराळे.

दराविषयी मुले हमखास विचारतील. महिन्याला 25,000 रुपये लागतात, म्हणून त्याला पंचवीस दिवसांनी भागून दिवसाला 1,000 रुपये मागायचे, हा हिशेब फसवा आहे. दर कळवणे, दुरुस्त्या करणे, बिलांचा पाठपुरावा करणे आणि काम शोधणे यांतच निम्म्याहून अधिक दिवस जातात, आणि त्यांचे पैसे कोणी देत नाही. मोबदल्याचे दिवस दहाच धरले, तर दर 2,500 रुपये होतो, आणि त्यात संगणक व कोरडे महिने अजून धरलेलेच नाहीत. हा आकडा ऐकून मुले दचकतील; दचकू दे.

उशिरा येणाऱ्या पैशांवर संपूर्ण इलाज नाही. एक तृतीयांश रक्कम आगाऊ मागणे आणि काम सोपवले त्याच दिवशी बिल पाठवणे, या दोन सवयींनी बराच फरक पडतो. शिवाय काम स्वीकारण्यापूर्वीच उद्यम नोंदणी करून ठेवावी. ती विनामूल्य होते. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे, लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसल्यास 15 दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे. अर्थात, एका बिलासाठी नेहमीच्या प्रकाशकाविरुद्ध दाद मागायला कोणी जात नाही, हेही मोकळेपणाने सांग. बिलावर नोंदणी क्रमांक आणि मुदत छापलेली असली, की लेखा विभागाशी बोलणे थोडे सोपे होते, एवढेच.

आणखी एक गोष्ट सांगायला तुला कदाचित संकोच वाटेल, पण ती वगळू नकोस. तू हे वर्ष आमच्या घरी राहून काढलेस, घरभाडे आणि जेवण यांचा खर्च तुझ्या वहीत नाही. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला फेब्रुवारी ते मे हा काळ तसाच काढता येणार नाही. त्याने निदान चार महिन्यांचा खर्च गाठीला बांधावा किंवा तोवर अर्धवेळ नोकरी धरून ठेवावी. हे न सांगता तुझे आकडे मांडलेस, तर ते खरे असूनही त्या मुलाची दिशाभूल करतील.

मसुदा रविवारपर्यंत पाठव. आकडे मी एकदा वहीशी ताडून पाहीन.

तुझे
बाबा