ओंकारच्या बीपीबद्दल

वेंगुर्ले,
अनंत चतुर्दशीनंतरचा सोमवार

प्रिय सुहास,

ओंकारच्या वहीचे फोटो मिळाले. खाली तू लिहिलंयस, ‘मग आहे की नाही ते एकदाचं सांग.’ फोनवर सांगितलं तर तू अर्धंच ऐकणार आणि वहिनींना सांगताना त्याचं भलतंच करणार. म्हणून सावकाश लिहितोय, त्यांनाही वाचायला दे.

उत्तर आधी देतो. ओंकारला आज ब्लड प्रेशरचा आजार नाही. पण आणखी दहा वर्षांनी तो होईल की नाही, हे बऱ्याच अंशी आत्ताच्या चार-पाच वर्षांत ठरणार आहे.

नोकरीच्या मेडिकलमध्ये त्याचं 146/92 आलं. तो सांगत होता, दोन जिने चढून गेला, रांगेत उभा राहिला आणि खुर्चीत बसता बसताच पट्टा बांधला गेला. त्याच्या दंडाचा घेर मी मोजला, 35 सेंटिमीटर भरला. मशीनबरोबर येणारा नेहमीचा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंटिमीटरच्या दंडासाठी असतो. जाड दंडावर लहान पट्टा आवळला की आकडा पाच-दहा अंकांनी वर दिसतो. चतुर्थीला तो इथे आला तेव्हा पाच मिनिटं गप्प बसवून, मोठा पट्टा लावून दोन्ही हातांना मोजलं. जास्त आलं त्या हाताचं 136/86 होतं. डॉक्टर समोर असला की काही जणांचं चढतंच, म्हणून मशीन त्याच्याबरोबर घरी पाठवलं.

वही त्याने चांगली ठेवली आहे. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस आपण धरत नाही, कारण मशीनची सवय नसते. त्याचा पहिला दिवस 139/88 आहे, तो सोडून दिला. उरलेल्या चोवीस नोंदींची सरासरी 129/82 निघते. दवाखान्यात आपण 140/90 ही रेघ धरतो, घरी मोजलेल्याला 135/85. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2017 साली त्यांची रेघ 130/80 वर आणली. म्हणजे आपल्या हिशेबाने ओंकार रेघेच्या खाली आहे आणि त्यांच्या हिशेबाने रेघेवरच. तेवीस वर्षांच्या पोराला 115/75 असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

आता घराण्याचं. ‘आमच्याकडे सगळ्यांनाच बीपी’ असं तू म्हणतोस, पण सगळ्यांचं बीपी सारखं मोजायचं नसतं. वहिनींच्या आईला सत्तरीत गोळी लागली. त्या वयात निम्म्याहून जास्त माणसांना लागते, त्यावरून नातवाबद्दल फारसं काही कळत नाही. तुझ्या बाबांना मात्र एक्कावन्नाव्या वर्षी अर्धांगवायू झाला आणि तेव्हा कळलं की प्रेशर कितीतरी वर्षांपासून होतं. तुला बेचाळिसाव्या वर्षी गोळी सुरू झाली. ही दोन नावं माझ्या दृष्टीने महत्त्वाची. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचं एक गाव आहे. तिथे 1948 पासून पिढ्यान्‌पिढ्या त्याच कुटुंबांच्या तपासण्या चालू आहेत. त्यांच्या नोंदींतून असं दिसलं की आईवडिलांना पंचावन्नच्या आत बीपी झालं असेल तर मुलांचा धोका स्पष्ट वाढतो, उतारवयात झालं असेल तर तितका वाढत नाही. आजोबांना लवकर झालं असेल तर त्याचाही वेगळा भार नातवावर येतो. त्यामुळे कुणी ‘घरात बीपी आहे का’ विचारलं की ‘हो’ म्हणून थांबू नका. कुणाला आणि कितव्या वर्षी, ते सांगा.

यात एकच एक जनुक दोषी नसतं. शेकडो जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. शिवाय घराण्याबरोबर स्वयंपाकघरही वारशाने येतं, आणि तुमच्याकडे तर ते चांगलंच खारट आहे. त्यावर येतोच.

मोजायला कधी लागायचं? सरकारी मोहिमेत तिशीपासून तपासतात. लाखो लोकांपर्यंत पोचायचं तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण तुझ्या घरासाठी ती रेघ उशिराची आहे. अठरा पूर्ण झाली की प्रत्येकाने एकदा मोजावं. नॉर्मल असेल, वजन आटोक्यात असेल आणि घरात कुणाला लवकर झालेलं नसेल, तर पुढे तीन ते पाच वर्षांनी एकदा मोजलं तरी चालतं. आई किंवा वडिलांना लवकर झालेलं असेल तर दर वर्षी. ओंकारसारखं 120 च्या पुढे रेंगाळत असेल तर सहा महिन्यांनी घरचा आठवडा पुन्हा काढायचा. धाकटीला अठरा होईपर्यंत थांबवू नकोस. कुठल्याही कारणाने डॉक्टरकडे गेली की बीपी बघायला सांग. पुढे कधी गर्भनिरोधक गोळ्या सुरू करायची किंवा दिवस जायची वेळ आली, तर त्याआधी तिच्या डॉक्टरांना वडिलांची आणि आजोबांची वयं माहीत असायला हवीत.

मोजताना काय चुकतं तेही सांगतो, कारण ओंकारच्या एका फोटोत त्याचा हात मांडीवर दिसतोय. हात हृदयाच्या पातळीत टेबलावर हवा. दहा सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा सात-आठने फुगतो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, लघवीला जाऊन आलेला, आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, धावपळ नाही. पट्टा शर्टच्या बाहीवर बांधायचा नाही. आणि मोजताना गप्पा बंद, हे तुमच्या घरात सगळ्यात अवघड.

पुढच्या वेळी सरासरी 135/85 किंवा वर गेली तर त्याला माझ्याकडे पाठव. इतक्या लहान वयात चढलं की नुसतं घराण्यावर ढकलून चालत नाही. मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद असेल, एखादी ग्रंथी जास्त हार्मोन सोडत असेल, घोरताना झोपेत श्वास अडकत असेल, हे सगळं बघावं लागतं. लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. चतुर्थीला मी त्याच्या जांघेतली नाडी बघितली तेव्हा तो लाजला, पण ती हातातल्या नाडीपेक्षा क्षीण किंवा उशिरा लागली तर महाधमनी जन्मतः आवळलेली असू शकते. त्याची ठीक आहे. तो जिमनंतर अंग दुखतं म्हणून वेदनाशामक गोळ्या घेतो, त्या बंद कर. आणि खोकल्यासाठी वहिनी ज्येष्ठमधाचा काढा रोज देत असतील तर तोही थांबवा. ज्येष्ठमधाने अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि प्रेशर चढतं. आपण त्याला औषध म्हणतो, पण रोजच्या रोज घेण्याची ती वस्तू नव्हे.

आता मीठ. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चमचे मोजत बसू नका, पुडे मोजा. वहिनी म्हणाल्या, महिन्याला दीड किलो लागतं. मासे धुवायला, लोणच्या-खाराला पाव किलो गेलं असं धरू. उरलं सव्वा किलो. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी दहा ग्रॅमच्या वर. यात सुका बांगडा, सुकट, पापड, सांडगी मिरची आणि ओंकारचं बाहेरचं खाणं धरलेलंच नाही. चौघांसाठी पाच ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला फक्त सहाशे ग्रॅम होतात.

एकदम तिथे उतरू नका, जेवण घशाखाली जाणार नाही आणि चार दिवसांत सगळं पूर्ववत होईल. आधी महिन्याला किलोवर या, दोन महिन्यांनी पाऊण किलोवर. काही आठवड्यांत जीभ बदलते. आगळात आधीच मीठ असतं, तेव्हा सोलकढीत वरून घालू नका. पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा आणि लोणचं दोन्ही नको, एकच काहीतरी. आगोटीला भरलेलं सुकं टाकून द्या असं मी म्हणणार नाही, मलाही त्याशिवाय पावसाळा जात नाही. पण शिजवण्याआधी दोन-तीनदा पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या. ताटात कुळीथ, चवळी, लाल माठ, केळी वाढवा. त्यातलं पोटॅशियम मीठ बाहेर टाकायला मदत करतं. मात्र बाजारात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं ते मला विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि तू घेतोस त्या टेल्मिसार्टनने पोटॅशियम शरीरात साठतं. ओंकारला ते चालेल, तुला कदाचित नाही, आणि भाताचं पातेलं तर एकच.

मिठाहून मोठी गोष्ट म्हणजे वजन. बारावीनंतर तो 68 किलो होता, आज 86 आहे, उंची 172. वाढलेलं सगळं पोटावर बसलंय. अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. बीपी किंचित वरच्या बाजूला असलेल्या, तिशी ते पन्नाशीतल्या लोकांना दीड वर्ष वजन कमी करायला शिकवलं आणि मग सोडून दिलं. सात वर्षांनी त्यातल्या एका केंद्रातल्या लोकांना पुन्हा तपासलं. न शिकवलेल्यांपैकी शंभरात सुमारे चाळीस जणांना बीपी झालं होतं, शिकवलेल्यांपैकी एकोणीस जणांना. त्या केंद्रातली माणसं थोडी होती, म्हणून आकड्याला चिकटून बसू नकोस. पण वजन नंतर बरंचसं परत चढलेलं असूनही फायदा उरला, हे मला फार बोलकं वाटतं. एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. ओंकारने वर्षभरात सहा किलो उतरवले तर 129 चे 123 होतील, गोळीशिवाय.

त्याला उपाशी ठेवू नका. रात्रीचा भात निम्मा, गोड थंड पेयं बंद, आणि आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास दम लागेल इतकं चालणं. बंदरापर्यंतचा चढ रोज चढला-उतरला तरी झालं. जिममधलं वजन उचलणं चालू राहू दे, फक्त श्वास कोंडून जड वजन उचलायचं नाही. शनिवारच्या मित्रमंडळीत काय चालतं ते मी त्याला एकट्याला विचारलं, ते तुला सांगणार नाही. कमी कर म्हटलंय.

मशीन अजून महिनाभर तुमच्याकडेच राहू दे. या आठवड्यात तू स्वतःचं मोज, तसंच सात दिवस, तुझा पट्टा नेहमीचा चालेल. गोळी सकाळी घेण्याआधीचा आकडा हवा, नंतरचा नको. वहीत ओंकारच्या मागच्या पानापासून सुरू कर आणि फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या